पॉलिसीवर लोन काढायचं की पॉलिसी सरेंडर करायची? घाईत पैसे लागले तर कुठल्या क्रमानं जायचं

आपल्याकडे बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात दवाखाना किंवा लग्न निघालं की लोक पहिल्यांदा सोनं बघतात, मग सोसायटी, आणि शेवटी कपाटातला पॉलिसीचा बॉन्ड. तो बॉन्ड बाहेर आला की बहुतेकजण थेट ब्रांचला जाऊन विचारतात, "मोडली तर किती मिळतील?" चूक इथेच होते. पहिला प्रश्न मोडण्याचा विचारला की पुढचं सगळं काम सरेंडरच्या रुळावरनं जातं आणि लोनचा आकडा कोण काढतच नाही. म्हणून खाली कामाचा क्रम दिलाय, तो पाळा. उदाहरणं एलआयसीच्या साध्या एंडोमेंट पॉलिसीची, म्हणजे मुदत संपली की विमा रक्कम आणि बोनस देणाऱ्या पॉलिसीची घेतलीत कारण घरोघरी तीच आहे, दुसऱ्या कंपनीचे टक्के वेगळे असतील पण क्रम तोच.

## १. आधी बघा, तुमच्या पॉलिसीत पैसा आहे तरी का

टर्म प्लॅन असेल तर विषय इथेच संपला. साध्या टर्म प्लॅनवर लोनही मिळत नाही आणि मोडली तर पैसेही येत नाहीत. युलिप, म्हणजे शेअर बाजाराशी जोडलेली पॉलिसी असेल तर लोन मिळत नाही, आणि पाच वर्षांच्या आत पैसे हातात येत नाहीत. उरल्या एंडोमेंट, मनीबॅक, होल लाइफ असल्या पॉलिसी, त्यांच्यात सरेंडर व्हॅल्यू, म्हणजे मुदतीआधी मोडली तर मिळणारी रक्कम, तयार होते.

ती कधीपासून तयार होते हे पॉलिसी कधी काढली त्यावर आहे. जुन्या लांब मुदतीच्या पॉलिसींना तीन वर्षांचे पूर्ण हप्ते लागायचे, नंतर नियम बदलून दोन वर्षं झाली, आणि १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या नियमांत एक वर्षाचा पूर्ण हप्ता भरून पहिलं वर्ष संपलं की काहीतरी मिळतं. त्याच्या आत असाल तर बॉन्ड परत कपाटात ठेवा आणि दुसरीकडे बघा.

तपासून घ्या: बॉन्डच्या मागच्या पानावर किंवा आत चिकटवलेल्या कागदावर कुणाच्या नावे असाइनमेंट आहे का. गृहकर्जाला किंवा सोसायटीच्या कर्जाला पॉलिसी तारण दिलेली असते आणि कर्ज फिटून पाच वर्षं झाली तरी ती परत नावावर करून घ्यायचं राहून गेलेलं असतं. तसं असेल तर आधी त्या बँकेकडनं रिअसाइनमेंट करून घ्यावं लागतं, त्याशिवाय लोनही नाही आणि सरेंडरही नाही.

## २. कागदांची तयारी, आणि सीमाभागात अडतं कुठे

लागणारे कागद मोजकेच आहेत: ओरिजिनल बॉन्ड, आधार, पॅन, बँक पासबुक किंवा नाव छापलेला कॅन्सल चेक, आणि लोनचा किंवा सरेंडरचा फॉर्म. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी.

एक म्हणजे नाव. पॉलिसी काढताना एजंटनं इंग्रजीत एक स्पेलिंग लिहिलं, आधार कन्नडवरनं इंग्रजी झालं तेव्हा दुसरं आलं, बँकेत तिसरं. बायकांच्या पॉलिसीत माहेरचं नाव असतं ते वेगळंच. पत्ता बेळगाव आणि बेळगावी असा असला तर सहसा कोण अडवत नाही, पण नावात फरक असला की पैसे खात्यात जमा न होता परत जातात आणि मग आणखी आठ दिवस जातात. फॉर्म द्यायच्या आधी तिन्ही कागद शेजारी ठेवून एकेक अक्षर बघा.

दुसरं खातं. पैसे एनईएफटीनं येतात. आपल्याकडे कितीतरी जणांचं रोजचं खातं गावातल्या पतसंस्थेत असतं आणि बऱ्याच पतसंस्थांना स्वतःचा आयएफएससी कोड नसतो. अशा वेळी बँकेतलं खातं द्या, आणि ते बराच काळ न वापरल्यानं बंद पडलेलं नाही ना ते एकदा शंभर रुपये भरून बघा.

तिसरं सही. फॉर्म इंग्रजीत असतो आणि आपल्या आयाबाया सही मराठीत करतात. त्यात चूक काही नाही, पण फॉर्मवर खाली एक मजकूर असतो की सही करणाऱ्याला यातलं सगळं त्याच्या भाषेत समजावून सांगितलंय, आणि तिथे समजावणाऱ्यानं नाव, पत्ता घालून सही करायची असते. तो भाग रिकामा राहिला की फॉर्म परत. अंगठा असेल तर साक्षीदारही लागतो. म्हणून बरोबर इंग्रजी वाचणारा माणूस न्या, आणि त्याला खरोखर वाचायला लावा, नुसती सही नको.

चौथं ब्रांच. निपाणी, चिकोडीकडच्या बऱ्याच लोकांच्या पॉलिसी कोल्हापूर, इचलकरंजीत पाहुण्यातल्या एजंटकडे काढलेल्या असतात. बेळगावच्या ऑफिसात जायच्या आधी हप्त्याच्या पावतीवर सर्व्हिसिंग ब्रांच कुठली लिहिलीय ते वाचा आणि आधी त्या ब्रांचला फोन करा.

## ३. दोन्ही आकडे एकाच दिवशी मागा

काउंटरला जाऊन एवढंच म्हणायचं: "मला लोन कोटेशन पण पाहिजे आणि सरेंडर कोटेशन पण पाहिजे." दोन्ही लेखी घ्या, तोंडी आकड्यावर निघून येऊ नका. एलआयसीच्या पोर्टलवर तुमची पॉलिसी नोंदवलेली असेल तर लोन किती मिळेल ते घरबसल्याही दिसतं.

आकडा कसा येतो ते थोडक्यात कळलं पाहिजे, नाहीतर ऑफिसात बसून "एवढेच का" म्हणून भांडण होतं. आधी पेडअप व्हॅल्यू काढतात, म्हणजे विमा रकमेचा तेवढाच हिस्सा जेवढे हप्ते तुम्ही भरलेत. त्यात आजपर्यंत जमलेला बोनस मिळवतात. आणि त्या बेरजेला एका फॅक्टरनं गुणतात जो मुदत संपायला जितकी वर्षं जास्त तितका लहान असतो. म्हणजे बोनस कागदावर अडीच लाख दिसला तरी आज मोडली तर तो अडीच लाख नसतो. लोन या सरेंडर व्हॅल्यूच्या टक्क्यात मिळतं, एलआयसीच्या बहुतेक जुन्या एंडोमेंटमध्ये हप्ते चालू असतील तर जास्तीत जास्त ९० टक्के आणि हप्ते बंद होऊन पेडअप पडलेली असेल तर ८५ टक्के. नव्या प्लॅनमध्ये हे कमी असू शकतं, बॉन्डमध्ये लोनचं कलम असतं ते वाचा.

चूक: विमा रकमेच्या ९० टक्के मिळतात असं समजून दवाखान्याला शब्द देणं. पाच लाखाच्या पॉलिसीवर साडेचार लाख मिळत नाहीत.

आणखी एक: हप्ता थकला असेल तर कोटेशन मागायच्या आधी भरा, नाहीतर किमान विचारा की तो लोनच्या रकमेतून वळता करता येतो का.

## ४. आता हिशोब

समजा खानापूर तालुक्यातल्या एका मावशींची पॉलिसी आहे. विमा रक्कम ५ लाख, मुदत २० वर्षं, वर्षाचा हप्ता २५,५००, आणि १२ वर्षं भरून झालीत. बोनस आपण हिशोबापुरता विमा रकमेच्या दर हजाराला ४५ धरू, म्हणजे वर्षाला २२,५००. काकांच्या ऑपरेशनला आठ दिवसांत दीड लाख पाहिजेत.

पेडअप होते ३ लाख (वीसपैकी बारा वर्षं), बोनस २ लाख ७० हजार, बेरीज ५ लाख ७० हजार. फॅक्टर लागून सरेंडर व्हॅल्यू समजा २ लाख ८० हजार आली. आतापर्यंत भरले ३ लाख ६ हजार. ते बघूनच मावशी म्हणतात, "भरले तेवढे पण येईनात, जाऊदे, मोडूया की."

इथे थांबायचं. भरलेले ३ लाख ६ हजार या हिशोबात घ्यायचेच नाहीत, ते कुठल्याही मार्गानं आता तेवढेच राहणार. प्रश्न एवढाच आहे की आजच्या २ लाख ८० हजारापासून पुढे आठ वर्षांत काय होतं.

सरेंडर केली तर: २ लाख ८० हजार आले, दीड लाख दवाखान्यात गेले, उरले १ लाख ३० हजार. ते ७ टक्क्याच्या एफडीत ठेवले आणि दरवर्षी हप्त्याचे २५,५०० पण तिथेच टाकले (खरंतर कोण टाकत नाही, पण धरू) तर आठ वर्षांनी साधारण ५ लाख ३ हजार होतात.

लोन काढलं तर: लोन मर्यादा २ लाख ५२ हजार, काढायचं फक्त दीड लाख. व्याज साडेनऊ टक्के धरू, सहामाही चक्रवाढ. मावशींनी हप्ते चालू ठेवले पण लोनचं व्याज आणि मुद्दल एक रुपया भरला नाही, म्हणजे सगळ्यात वाईट धरलं, तरी आठ वर्षांनी लोन फुगून साधारण ३ लाख १५ हजार होतं. मुदतीला पॉलिसीचे येतात ५ लाख अधिक साडेचार लाख बोनस, ९ लाख ५० हजार. त्यातून वजा होऊन हातात ६ लाख ३५ हजार.

म्हणजे लोन अजिबात न फेडताही सव्वा लाखाच्या वर फरक लोनच्या बाजूनं. कारण असं की शेवटच्या वर्षांत आजच्या सरेंडर व्हॅल्यूपासून मोजलं तर पॉलिसी वर्षाला दहा टक्क्यांच्या आसपास वाढते, ते लोनच्या व्याजापेक्षा जास्त आहे. आणि मध्येच मावशींचं काही बरंवाईट झालं, समजा दोन वर्षांनी, तर ८ लाख १५ हजारातून लोन आणि व्याजाचे साधारण १ लाख ८० हजार वजा होऊन बाकीचे नॉमिनीला मिळतात. लोनसाठी पॉलिसी कंपनीच्या नावे असाइन करावी लागते म्हणून लोक घाबरतात की नॉमिनी गेला, पण कंपनीकडनंच लोन घेताना केलेल्या असाइनमेंटनं नॉमिनेशन रद्द होत नाही, फक्त कंपनीचं येणं आधी कापलं जातं.

हाच हिशोब चार वर्षं भरलेल्या त्याच पॉलिसीला लावा. सरेंडर व्हॅल्यू समजा पन्नास हजार, लोन ४५ हजार. दीड लाखाची गरज यातनं भागतच नाही. शिवाय तिथून पुढे सोळा वर्षं ती साडेसात टक्क्यांच्या आसपास वाढणार आणि लोनचं व्याज साडेनऊ, म्हणजे लोन महाग पडतं. अशा कोवळ्या पॉलिसीवर लोन काढून तिचा हप्ताही भरत बसण्यापेक्षा सोनं गहाण ठेवलेलं बरं, आणि पुढे हप्ता झेपणारच नसेल तर सरेंडरचा विचार खुशाल करा. (एजंट यावर नाराज होईल, होऊदे.)

बोनसचा दर दरवर्षी जाहीर होतो, तो पुढे तेवढाच राहील याची हमी नाही. म्हणून स्वतःचा हिशोब करताना बोनस थोडा कमी धरूनही एकदा बघा. तरीही लोन पुढे येत असेल तर निवांत व्हा.

## ५. लोन ठरलं तर: काढताना आणि काढल्यावर

मर्यादा आहे म्हणून पूर्ण काढू नका, लागतील तेवढेच. सिबिल बघत नाहीत, जामीन लागत नाही, बॉन्ड जमा करायचा आणि लोनच्या फॉर्मवर सही. बॉन्ड दिल्याची पोच घ्या, आणि द्यायच्या आधी पानन् पान फोटो काढून ठेवा.

ईएमआय नसतो. हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला सोयीचं आहे, कारण उसाचं बिल किंवा तंबाखूचे पैसे आले की एकदम भरता येतात. पण तोच खड्डाही आहे, कारण महिन्याला कोण फोन करत नाही आणि लोन विसरून जातं. मावशींच्या उदाहरणात सहामाही व्याज होतं ७,१२५. तेवढं जरी भरत राहिलं तरी मुद्दल दीड लाखावरच थांबतं आणि मुदतीला पूर्ण ८ लाख हातात येतात.

पहिलं व्याज कधी, हे लोक हमखास चुकतात. लोन घेतल्यापासून सहा महिने मोजतात. एलआयसीत व्याजाची तारीख पॉलिसीच्या वार्षिक तारखेला आणि तिच्या सहा महिने आधीच्या तारखेला बांधलेली असते. पॉलिसी १० जूनची आणि लोन तुम्ही एप्रिलमध्ये घेतलं तर पहिलं व्याज १० जूनलाच येतं. ही तारीख लोन देतानाच विचारून मोबाईलमध्ये घाला.

लोन दोन महिन्यांत फेडलं तरी व्याज किमान सहा महिन्यांचं लागतं. म्हणून पंधरा दिवसांसाठी पाहुण्याकडनं बिनव्याजी मिळत असतील तर ते आधी.

चेतावणी: ऑनलाइन भरताना हप्ता, लोनचं व्याज आणि लोनची परतफेड हे तीन वेगळे पर्याय असतात. हप्ता समजून व्याज भरलं तर पॉलिसी लॅप्स होते आणि तुमच्याकडे पैसे भरल्याची पावती असते, म्हणून कळत पण नाही. प्रत्येक पावतीवर पैसे कशापोटी गेले ते वाचा.

त्याहून मोठी चेतावणी: लोन काढून हप्ता बंद करू नका. हप्ता पण नाही आणि व्याज पण नाही, असं झालं की पॉलिसी वाढायची थांबते आणि लोन मात्र फुगत राहतं. एक दिवस लोन आणि व्याज मिळून सरेंडर व्हॅल्यू ओलांडतं, कंपनीची नोटीस येते, आणि तरी भरलं नाही तर पॉलिसी बंद होते. ती नोटीस जुन्या पत्त्यावर जाते, म्हणून लोन घेतानाच पत्ता आणि मोबाईल नंबर बदलून घ्या.

## ६. सरेंडर ठरलं तर: सही करायच्या आधी

सरेंडर खरंच बरोबर असते ती मुख्यतः दोन वेळा. एक, गरज लोनच्या मर्यादेपेक्षा मोठी आहे आणि दुसरा स्वस्त मार्ग नाही. दोन, पुढचे हप्ते भरायची ताकद खरोखर संपलीय. दुसऱ्या बाबतीतही आधी पेडअपचा विचार करा: हप्ता बंद, विमा रक्कम कमी होते, जमलेला बोनस राहतो, आणि मुदतीला पैसे येतात. आज पैसे नको असतील, नुसता हप्ता जड झाला असेल, तर मोडायची गरजच नाही.

सही करायच्या आधी या क्रमानं जा. पहिलं, घरात दुसरा विमा आहे का बघा. नसेल तर आधी टर्म प्लॅन मंजूर करून घ्या, कारण पन्नाशीला शुगर निघाली की नवा विमा महाग होतो नाहीतर मिळतच नाही. दुसरं, मुदत संपायला वर्ष दीड वर्षच राहिलं असेल तर कितीही अडचण असो, लोनच घ्या. तिसरं, टॅक्स. हप्ता विमा रकमेच्या १० टक्क्यांच्या आत असेल (एप्रिल २०१२ च्या आधीच्या पॉलिसीला २० टक्के) तर सहसा टॅक्स नाही, आणि आपल्या साध्या एंडोमेंट बहुतेक यात बसतात. सिंगल प्रीमियम पॉलिसी मात्र बहुतेक बसत नाही, तिथे एक लाख किंवा जास्त येणार असतील तर नफ्याच्या भागावर २ टक्के टीडीएस कापतात, आणि पॅन दिलं नाही तर २० टक्के. लोनच्या पैशावर यातलं काहीच नाही, ते उत्पन्न धरत नाहीत.

फॉर्मवर रेव्हेन्यू स्टॅम्प लावून त्यावर सही करायची असते, स्टॅम्प आधीच पोस्टातनं आणून ठेवा. रकमेची जागा रिकामी ठेवून सही करू नका, कोटेशनचा आकडा घालून घ्या. आणि बँकेतनं हप्ता आपोआप कटत असेल तर तो मँडेट बंद करा, नाहीतर मोडलेल्या पॉलिसीचा हप्ता कटतो आणि परत मिळवायला पुन्हा फेऱ्या.

चेतावणी: "ही मोडा, त्याच पैशात दुसरी काढून देतो, जास्त बोनस आहे" असं कोण म्हणालं तर तिथनं उठा. तुमचा तोटा होतो, त्याला नव्या पॉलिसीचं पहिल्या वर्षाचं कमिशन मिळतं. आणि फोनवरनं "तुमचा अडकलेला बोनस सोडवून देतो, आधी एवढे भरा" म्हणणारा कंपनीचा माणूस नसतो.

सरेंडर झाल्यावर माघार नाही. लॅप्स झालेली पॉलिसी ठराविक मुदतीत परत चालू करता येते, सरेंडर झालेली नाही.

## ७. अडकलं तर

कागद पूर्ण देऊनही पैसे येत नसतील तर आधी ब्रांच मॅनेजरला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मग कंपनीचा तक्रार विभाग, मग विमा नियामक आयआरडीएआयचं बीमा भरोसा पोर्टल किंवा १५५२५५ हा टोल फ्री नंबर. तक्रार करून महिना झाला आणि उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. लोकपालाकडे वकील लागत नाही आणि फी नाही. कर्नाटकासाठी लोकपालाचं ऑफिस बेंगळुरूला आहे, आणि तुमची पॉलिसी कोल्हापूरची असली तरी तुम्ही राहता त्या पत्त्यावरनं बेंगळुरूला तक्रार करता येते.

लोन पूर्ण फेडलं असेल तर एक काम राहतं. लोनचा आकडा शून्य झाल्याचं लेखी घ्या, बॉन्ड परत मागा, आणि त्यावर पॉलिसी परत तुमच्या नावे केल्याची नोंद आहे का तिथेच उभं राहून बघा.